लेंडी तपासली, आकडा आला, आता डोस नेमका कुणाला?

जंतांसाठी लेंडी तपासून आणा म्हटलं की तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून निवडक इथे घेतोय. हे सगळं शेळ्या-मेंढ्यांबद्दल आहे. मोठ्या गाई-म्हशींत अंड्यांच्या आकड्यावरून पोटात जंत किती हे नीट कळत नाही, त्यामुळे यातलं काही त्यांना लावू नका.

सकाळी गोठ्यात पडलेल्या लेंड्या गोळा करून दिल्या तर चालतील ना?

नाही. कुठल्या शेळीची ते कळत नाही आणि जमिनीवरचे मातीतले किडे त्यात शिरतात. डोळ्यांसमोर पडली असेल तर मात्र लगेच वरवरची उचला, ती चालते.

मग घ्यायची कशी, आणि किती?

हातमोजा घाला, बोटाला थोडं लिक्विड पॅराफिन लावा आणि गुदद्वारातून हळूच काढा. मोठ्या शेळीच्या आठ-दहा लेंड्या पुरतात. करडांना बोट घालू नका, ती टाकतील तेव्हा धरा. मग लेंड्या मुठीत ठेवूनच हातमोजा उलटा करून काढायचा, म्हणजे त्याचीच पिशवी होते, हवा दाबून काढा आणि गाठ मारा. वर मार्करने बिल्ल्याचा नंबर लिहा, तिथेच, घरी जाऊन नाही. घरी जाईपर्यंत पाचही पिशव्या सारख्याच दिसायला लागतात.

शनिवारी संध्याकाळी घेतली, लॅब सोमवारी. फ्रीजरमध्ये ठेवू का?

फ्रीजरमध्ये नाही, साध्या फ्रीजमध्ये. गोठली की अंडी फुटतात, आणि उबेत राहिली की दिवसभरातच त्यातून अळ्या बाहेर पडायला लागतात, म्हणजे मोजायला अंडंच उरत नाही. एकाने पिशवी गाडीच्या डॅशबोर्डवर टाकली, भर उन्हात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आणून दिली. रिपोर्ट शून्य! शेळीच्या पापणीची आतली बाजू बघितली तर कागदासारखी पांढरी, म्हणजे अंगात रक्तच कमी. ताजी लेंडी घेऊन पुन्हा मोजलं तेव्हा कुठे खरं बाहेर आलं. फ्रीजमध्येसुद्धा दोन दिवसांपलीकडे ठेवू नका. त्यापेक्षा सोमवारी सकाळीच घ्या आणि थेट घेऊन जा.

रिपोर्टवर 350 ईपीजी लिहिलंय. म्हणजे शेळीच्या पोटात 350 जंत?

नाही हो. एक ग्रॅम लेंडीत 350 अंडी, एवढंच. लॅबमध्ये साधारण 4 ग्रॅम लेंडी 56 मिली मिठाच्या दाट पाण्यात कालवतात, अंडी हलकी म्हणून वर तरंगतात, आणि मॅकमास्टर स्लाइडच्या दोन खणांत दिसलेली अंडी मोजून 50 ने गुणतात. म्हणजे तुमच्या शेळीची सातच अंडी दिसली. एखादं अंडं इकडे तिकडे झालं की आकडा 50 ने हलतो, तेव्हा 300 की 350 यावर वाद घालत बसू नका. जुलाब असतील तर लेंडी पातळ होते आणि आकडा आहे त्यापेक्षा कमी दिसतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दहा शेळ्यांच्या लेंड्या एकत्र करून दिल्या, 550 आलं. दुकानदार म्हणतो सगळ्यांना डोस पाजा, आणि दर तीन महिन्यांनी पाजत राहा. बरोबर आहे का?

दुकानदाराला बाटल्या विकायच्या आहेत, तो दुसरं काय सांगणार. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळा घोळ इथेच होतो.

जंत कळपात सारखे वाटलेले नसतात. बहुतेक शेळ्यांत थोडे आणि दोन-तीन शेळ्यांत ढीगभर, असंच असतं. मध्यंतरी असाच एक दहा शेळ्यांचा कळप होता, आम्ही प्रत्येकीची लेंडी वेगळी मोजली. आठ जणींचे आकडे 0 ते 350 च्या मधले, एकीचा 1800 आणि एकीचा 2600. दहांची बेरीज 5500, सरासरी काढा, 550 च येते! पण त्या 5500 पैकी 4400 दोघींचेच, म्हणजे कुरणात पडणारी दहातली आठ अंडी दोन शेळ्या टाकत होत्या. एकत्र तपासणीतून कळपात जंत आहेत एवढं कळतं, कुणात आहेत ते कळत नाही, आणि आपल्याला तेच हवं असतं.

आम्ही त्या दोघींना डोस दिला, आणि 350 वालीची पापणी फिकट होती म्हणून तिलाही. बाकी सात तशाच सोडल्या, मालक दोन दिवस कुरकुरत होता. पण त्या सात जणींच्या पोटातल्या जंतांनी औषध पाहिलेलंच नसतं. त्यांची अंडी कुरणात पडत राहतात आणि औषधाला पुरून उरलेल्या जंतांची पिल्लावळ त्यांच्यात मिसळून विरळ होते. दर तीन महिन्यांनी सगळ्यांना पाजलं की उरतात फक्त औषधाने न मेलेले, पुढचा सगळा कळप त्यांच्याच अंड्यांवर चरतो, आणि मग एक दिवस बाटली रिकामी केली तरी काही होत नाही. आकड्याची एकच ठरलेली रेषा नसते. कुठे 500 ला देतात, कुठे 1000 पर्यंत थांबतात. वय, गाभण आहे का, अंगावर मांस किती, पापणी कशी, हे सगळं बघून तुमच्या पशुवैद्यकानेच ठरवायचं. गाभण शेळीला तर विचारल्याशिवाय कुठलंही जंतनाशक पाजू नका, काही औषधं सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाला घातक असतात.

डोस लागू पडला का हे कसं कळणार? शेळी खायला लागली म्हणजे झालं ना?

नाही. चौदाव्या दिवशी त्याच शेळीची लेंडी पुन्हा मोजायची. अंडी 95 टक्क्यांहून कमी घटली तर काहीतरी चुकलंय. वरच्या कळपात 2600 चे 1300 झाले आणि 1800 चे 700, म्हणजे निम्म्याच्या आसपासच फरक. मालक लगेच औषधाला नावं ठेवायला लागला. मी आधी काटा मागवला. 25 किलो समजून डोस दिलेली शेळी 34 किलोची निघाली! कमी डोस म्हणजे जंतांना सवय लावायची सोपी वाट. वजन करून पूर्ण डोस दिला, पुन्हा चौदा दिवसांनी दोघींचे आकडे 50 आणि 0. तरीही अंडी हटली नसती तर औषधाचा गटच बदलावा लागला असता, आणि तो बाटलीवरचं ब्रँडचं नाव बदलून बदलत नाही, ते डॉक्टरांना विचारा. मेंढीचा डोस शेळीलाही तसाच पुरतो असं नाही, बऱ्याच औषधांचा शेळीला जास्त लागतो. अंदाजाने मात्र वाढवू नका.

रिपोर्ट शून्य आला पण शेळी खंगतच चाललीय. रिपोर्ट चुकीचा का?

असेलच असं नाही. रक्त पिणारा हिमाँकस पोटात गेल्यावर साधारण तीन आठवड्यांनी अंडी घालतो, रक्त मात्र त्याआधीपासूनच पितो. लिव्हर फ्ल्यूक या यकृतातल्या चपट्या जंताची अंडी जड, मिठाच्या पाण्यात तरंगतच नाहीत, त्यासाठी गाळ बसवून वेगळी तपासणी सांगावी लागते. आणि खंगण्याला जंत सोडून इतर कारणंही असतात. रिपोर्ट हातात धरून बसू नका, शेळी दाखवा.

जबड्याखाली सूज आलीय, हिरड्या पांढऱ्या आहेत. लेंडी दिलीय, रिपोर्ट दोन दिवसांनी येईल. तोवर थांबू?

अजिबात नाही. आत्ता डॉक्टरांना फोन करा.