पाणीवापराच्या प्रस्तावात उद्दिष्टापासून खर्चापर्यंत

प्रश्न: मी कृषी शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतो आहे. ‘शेतकऱ्यांच्या पाणीवापराचा अभ्यास’ हा माझा छोट्या निधीसाठीचा प्रस्ताव ‘उद्दिष्टे मोघम, खर्चाचा खुलासा नाही’ असा शेरा मारून परत आला. काय बदलू?

उत्तर: दोन्ही शेऱ्यांचे मूळ एकच आहे. नेमके काय मोजणार, हे तुम्ही ठरवलेले नाही. उद्दिष्ट असे लिहून पाहा: ‘एकाच पिकाच्या ठिबकवरील १० आणि सरीने भिजणाऱ्या १० शेतांना एका हंगामात हेक्टरी किती पाणी दिले जाते, याची तुलना करणे.’ ‘ठिबकमुळे होणारी बचत’ असे मात्र लिहू नका. ठिबक घेणाऱ्यांची जमीन आणि ऐपतही वेगळी असू शकते, त्यामुळे २० शेतांवरून कारण सिद्ध होत नाही.

आता मोजायचे कसे? ‘पंप किती तास चालला?’ एवढे विचारून भागत नाही. समजा, पंप सेकंदाला ५ लिटर पाणी देतो. १० तासांत १८० घनमीटर झाले, म्हणजे अर्ध्या हेक्टरवर ३६ मिलिमीटर. पण विहिरीची पातळी उतरल्यावर तोच पंप ४ लिटरवर आला, तर प्रत्यक्षात २९ मिलिमीटरच पाणी पडते. हंगामाच्या सुरुवातीला एकदाच मोजले, तर हा फरक कळणारच नाही. म्हणून सरीच्या शेतांत पंपाला तास मोजणारे मीटर लावा आणि दर १५ दिवसांनी २०० लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते पाहा. ४० सेकंद लागले तर ५ लिटर, ५० लागले तर ४. ठिबकवर ही युक्ती चालत नाही, कारण दाबाखाली पंपाचा प्रवाह बदलतो. तिथे मुख्य पाइपवरच पाण्याचे मीटर हवे. एकाच पंपावर दोन शेते भिजत असतील, तर तो पंप निवडूच नका.

एवढे ठरले की खर्चाचा खुलासा यातूनच लिहिता येतो. तास-मीटर १०, पाण्याचे मीटर १०, शिवाय बिघाड गृहीत धरून प्रत्येकी एक जादा. चार महिन्यांच्या पिकात दर १५ दिवसांनी एक, अशा ८ फेऱ्या होतात. दिवसाला ४ शेते झाली तर एका फेरीला ५ दिवस लागतात. म्हणजे मदतनिसाचे मानधन आणि प्रवास, दोन्ही ४० दिवसांचे. ‘प्रवास खर्च’ एवढ्या दोन शब्दांपुढे मोठी रक्कम दिसली, की परीक्षक तिच्यावर हमखास काट मारतो. तिथे ८ × ५ हा हिशेब आणि तो कोणत्या उद्दिष्टासाठी आहे, हे एका ओळीत लिहा.

कामाचा आराखडा निधीच्या तारखेपासून नव्हे, तर पिकाच्या पहिल्या पाण्यापासून मागे मोजत मांडा. त्याआधी मीटर बसलेले हवेत आणि त्याच्याही आधी शेतकऱ्यांची लेखी संमती. मंजुरी लांबली तर पुढच्या हंगामात कोणते पीक घेणार, तेही आराखड्यात नमूद करा.