बॉटने उजवीकडे सरकवण्याआधी

तुझी स्क्रिप्ट टिंडरवर रात्रभर सगळ्यांना उजवीकडे सरकवते, म्हणजे लाइक करते, आणि सकाळी तू फक्त जुळलेल्या प्रोफाइल वाचतोस, असं लिहिलंस. मीही इंदूरमध्ये दोन आठवडे हेच केलं होतं, म्हणून सांगतो.

एका रात्री 100 लाइक गेले, 6 जुळले. वाचल्यावर 4 जणी मी स्वतः निवडल्याच नसत्या, म्हणून अनमॅच केल्या. पण त्या चौघींनी माझी प्रोफाइल वाचून होकार दिला होता, आणि समोरूनही तसाच होकार आलाय असं त्यांना वाटलं होतं. त्यातली एक रामबागेत आमच्या ओळखीच्या घरातली निघाली. इथला मराठी गोतावळा केवढासा! गणपतीत ती समोर आली तेव्हा मला काहीच बोलता आलं नाही.

टिंडरच्या नियमांत बॉटला मनाई आहेच, खातं बंद होऊ शकतं. पण मला सलतो तो खोटा होकार. बॉटने पहिला मेसेज पाठवला तर आणखी वाईट, कारण ती उत्तर देते ते तुला, आणि तू तिथे नसतोसच.

अंतर आणि वयाचे फिल्टर खुशाल लाव, उत्तर द्यायची आठवण फोनवर ठेव. लाइक आणि शब्द मात्र तुझ्याच बोटांनी जाऊ देत, दिवसाला दहाच गेले तरी.