ब्युरेटचं रीडिंग बरोबर, तरी मोलारिटी अडीच पट कमी का येते?

प्रश्न: टायट्रेशनच्या गणितात उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही, तर चूक मोल गुणोत्तरात आहे, डायल्युशनमध्ये आहे की मिलिलिटर-लिटरमध्ये, हे कसं शोधायचं? माझं गणित असं: ‘२० व्हॉल्यूम’ हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाटलीतले १० मिलि घेऊन पाण्याने २५० मिलि केले. त्यातले २५ मिलि आम्लयुक्त करून ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेटशी टायट्रेट केले. रीडिंग ३४.२ मिलि. बाटलीतल्या पेरॉक्साइडची मोलारिटी मला ०.६८४ मिळते, पुस्तकात १.७१ आहे.

उत्तर:

आधी पुस्तकातल्या उत्तराला तुमच्या उत्तराने भागा. १.७१ ÷ ०.६८४ म्हणजे २.५, अगदी नेमके. भागाकार २.४७ किंवा २.५३ असा वेडावाकडा आला असता, तर मी आकडेमोड किंवा रीडिंग तपासायला सांगितलं असतं. इतका स्वच्छ आकडा आला की समजायचं, गणितातला एखादा गुणक गळलाय किंवा त्याच्या जागी दुसराच बसलाय.

अडचण अशी की तुमच्या गणितात २.५ हा आकडा दोन वाटांनी येऊ शकतो, आणि तुम्ही पायऱ्या दिलेल्या नाहीत. पहिली वाट मोल गुणोत्तराची. अभिक्रिया ही:

```
2 KMnO4 + 5 H2O2 + 3 H2SO4 -> 2 MnSO4 + K2SO4 + 8 H2O + 5 O2
```

परमँगनेटच्या २ मोलना पेरॉक्साइडचे ५ मोल लागतात, म्हणून ५/२ ने गुणायचं. ते विसरून १:१ धरलं की उत्तर २.५ पट कमी. दुसरी वाट डायल्युशनची. बाटलीतलं द्रावण १० वरून २५० मिलि झालं, म्हणजे २५ पट पातळ झालं. पण घाईत २५० ला पिपेटच्या २५ ने भागलं जातं आणि १० मिळतात. २५ च्या जागी १० ने गुणलं की उत्तर पुन्हा २.५ पट कमी. दोन्ही चुकांचं उत्तर एकच, ०.६८४. तेव्हा केवळ शेवटचा आकडा बघून कुणी ‘तुमचं गुणोत्तर चुकलं’ असं ठामपणे सांगितलं, तर ती अटकळ समजा.

म्हणून सगळं गणित एका सूत्रात कोंबू नका. प्रत्येक भांड्यात किती मिलिमोल आहेत, ते ओळीने मांडा:

परमँगनेट: ३४.२ मिलि × ०.०२ = ०.६८४ मिलिमोल.
कोनिकल फ्लास्कमधलं पेरॉक्साइड: ०.६८४ × ५/२ = १.७१ मिलिमोल.
२५० मिलिच्या फ्लास्कमध्ये: त्याच्या दहापट, १७.१ मिलिमोल.
बाटलीतून काढलेल्या १० मिलिमध्ये: तेही १७.१ मिलिमोल.
बाटलीची मोलारिटी: १७.१ मिलिमोल ÷ १० मिलि = १.७१ मोलर.

चौथी ओळ बघा. तिथे कसलाच गुणाकार नाही. सरबतात पाणी वाढवलं म्हणून साखर वाढत नाही. १० मिलिमधलं जेवढं पेरॉक्साइड मोठ्या फ्लास्कमध्ये गेलं, तेवढंच तिथे आहे. अशी मांडणी केली की ‘डायल्युशन फॅक्टर’ वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही आणि २५० ला कशाने भागायचं हा गोंधळही उरत नाही. तिसऱ्या ओळीतले दहा हे २५० ÷ २५ मधून आले, कारण आपण मोठ्या फ्लास्कचा दहावा भाग टायट्रेट केला. शेवटच्या ओळीतले १० हे मूळ पिपेटचे मिलि आहेत. आकडा तोच, पण अर्थ वेगळा, आणि तुमच्या गणितात घोटाळ्याला जागा मिळते ती इथेच. प्रश्न रचणाऱ्याने ५ मिलि घेऊन २५० केले असते तर निदान हे दोन दहा एकमेकांत मिसळले नसते.

आता तुमची वही उघडून २५ मिलिमधल्या, म्हणजे पातळ केलेल्या द्रावणाची मोलारिटी काय लिहिलीय ते बघा. ०.०६८४ असेल तर गुणोत्तर बरोबर होतं, चूक पुढे डायल्युशनमध्ये झाली. ०.०२७३६ असेल तर ५/२ तिथेच गळलेत आणि डायल्युशन बरोबर आहे.

इतर घसरणींच्याही अशाच खुणा असतात. उत्तरातले अंक तेच, १-७-१, फक्त दशांश चिन्ह सरकलेलं असेल, तर गुणोत्तराकडे बघूसुद्धा नका. चिन्ह तीन घरं सरकलं असेल, म्हणजे ०.००१७१ किंवा १७१०, तर ते मिलिलिटर-लिटरचं काम. ब्युरेटचं रीडिंग लिटरमध्ये बदललं आणि पिपेटचे २५ मात्र मिलिमध्येच राहिले की हे होतं. एकच घर सरकून ०.१७१ आलं असेल, तर एककावर खापर फोडू नका. तिथे तिसरी ओळ गाळलेली असते, म्हणजे कोनिकल फ्लास्कमधले १.७१ मिलिमोल हेच मूळ १० मिलिमधले सगळे, असं धरलेलं असतं. ०.०६८४ हेच अंतिम उत्तर म्हणून लिहिलं असेल, तर तुम्ही पातळ द्रावणापाशी थांबलात, बाटलीपर्यंत गेलाच नाहीत.

आणि ०.२७३६ आलं असेल तर गुणोत्तर उलटं लागलंय, ५/२ ऐवजी २/५. तेव्हा फरक ६.२५ पट पडतो. ही चूक हुशार मुलंही करतात, आणि त्याला कारण आहे. वर्गात दोन सूत्रं फिरत असतात:

```
M1V1 / n1 = M2V2 / n2
M1V1 x n1 = M2V2 x n2
```

वरच्या सूत्रातला n हा समीकरणातला सहगुणक आहे: परमँगनेटसाठी २, पेरॉक्साइडसाठी ५. खालच्यातला n म्हणजे एका रेणूमागे देवाणघेवाण होणारे इलेक्ट्रॉन: परमँगनेटसाठी ५, पेरॉक्साइडसाठी २. दोन्ही सूत्रं बरोबर आहेत, दोन्हीत अक्षर n आहे आणि आकडे नेमके उलटे. एका सूत्रात दुसऱ्याचे आकडे घातले की ६.२५. माझा सल्ला, यातलं एकच सूत्र ठेवा आणि दुसरं फक्त ताळ्यासाठी वापरा.

ताळ्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण तो फुकट घालवतात. उत्तर त्याच सूत्रात उलट घालून ३४.२ आले म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. चुकीचं सूत्रही आपलं रीडिंग प्रामाणिकपणे परत देतं. ताळा दुसऱ्या रस्त्याने यायला हवा. इथे तो इलेक्ट्रॉन मोजून येतो. आम्लात मँगनीज +७ वरून +२ वर येतो, म्हणजे प्रत्येक परमँगनेट ५ इलेक्ट्रॉन घेतो: ०.६८४ × ५ = ३.४२ मिलिमोल. पेरॉक्साइडमधले दोन ऑक्सिजन −१ वरून ० वर जातात, म्हणजे प्रत्येक रेणू २ इलेक्ट्रॉन देतो: १.७१ × २ = ३.४२. दिलेले आणि घेतलेले सारखे, गुणोत्तर पक्कं. हे करताना समीकरणातले २ आणि ५ आपण वापरलेच नाहीत, म्हणून हा ताळा खरा.

डायल्युशन आणि एकक मात्र इलेक्ट्रॉन मोजून सापडत नाहीत. त्यासाठी बाटलीवरचं लेबल आहे. ‘२० व्हॉल्यूम’ म्हणजे १ मिलि द्रावणातून २० मिलि ऑक्सिजन. पेरॉक्साइडच्या एका मोलातून ऑक्सिजनचा अर्धा मोल निघतो, जुन्या एसटीपीला ११.२ लिटर. म्हणून २० ÷ ११.२ = १.७९ मोलर, हे पिपेट हातात घेण्याआधीच काढून ठेवता येतं. १.७१ म्हणजे १९.२ व्हॉल्यूम, पेरॉक्साइड ठेवल्या ठेवल्या हळूहळू विघटन पावतं, त्यामुळे लेबलपेक्षा थोडं कमी निघणं स्वाभाविक. तुमचं ०.६८४ म्हणजे ७.७ व्हॉल्यूम. बाटली खूप जुनी किंवा उघडी राहिलेली असेल तर तेही घडू शकतं, पण आधी गणितावर संशय घ्यायचा. (काही पुस्तकं १ बारचा एसटीपी धरून ११.३५ वापरतात. व्हॉल्यूममध्ये साधारण सव्वा टक्क्याचा फरक दिसला तर तो तिथला असतो, चूक नसते.)

१७१० मोलरसारखं उत्तर तर लेबल न बघताही फेकून द्यावं. निव्वळ पाण्याच्या एका लिटरमध्येसुद्धा पाण्याचे साधारण ५५.५ मोलच मावतात. पुढे ग्रॅम काढतानाही हे एकक डोकं वर काढतं: १७.१ × ३४ = ५८१, पण ते मिलिग्रॅम. १० मिलि द्रवात ५८१ ग्रॅम लिहिलेलं असेल तर जर्नल तपासणाऱ्याला हसू येणारच. बरोबर उत्तर लिटरला ५८.१ ग्रॅम, म्हणजे ५.८ टक्के.

एक चूक मात्र या सगळ्यातून अंगचोरपणे निसटू शकते. आपल्याकडे प्रयोगशाळेतल्या परमँगनेटच्या बाटलीवर अजून बऱ्याचदा ०.१ N लिहिलेलं असतं. आम्लात ते ०.०२ मोलरच आहे. पण ०.१ हीच मोलारिटी समजून वर ५/२ ने गुणलं की उत्तर पाचपट, ८.५५ मोलर. हा आकडा अशक्य वाटत नाही, कारण ३० टक्क्यांचं पेरॉक्साइड याच्याच आसपास, जवळजवळ ९ मोलर असतं. इलेक्ट्रॉनचा ताळाही जमतो, कारण सुरुवातीचा आकडाच चुकीचा आहे. इथे फक्त पेरॉक्साइडच्या बाटलीवरचं ‘२० व्हॉल्यूम’ हे लेबल वाचवतं. नॉर्मॅलिटी वापरायचीच असेल तर शेवटपर्यंत नॉर्मॅलिटीच वापरा, गुणोत्तर १:१ ठेवा आणि पेरॉक्साइडचा सममूल्यभार १७ घ्या. ५/२ ला तिथे काही काम नाही.

ओळी बरोबर, लेबल जवळपास, तरीही उत्तर थोडं जुळत नसेल, तर मग प्रयोगाकडे वळा. कोनिकल फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला होता का, हे पहिलं विचारा. सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं की मँगनीज +२ पर्यंत न जाता मँगनीज डायऑक्साइडपाशी अडकतो, तिथे इलेक्ट्रॉन पाच नसून तीनच, आणि मग ५/२ हे गुणोत्तरच लागू पडत नाही. परमँगनेट जास्त खर्च होतं, उत्तर वर सरकतं, तेही पटीत नाही तर वेड्यावाकड्या प्रमाणात. तसं रीडिंग गणिताने दुरुस्त करता येत नाही. आम्ल वाढवून टायट्रेशन पुन्हा करा.