सहा मिनिटांत आलेला नकार

प्रश्न: वकीलसाहेब, माझं वय ४३. एसएनडीटीतून २००३ साली बीकॉम झाले. अकाउंट्सचा सोळा वर्षांचा अनुभव आहे, मधली पाच वर्षं मुलांसाठी घरी होते. पुण्यातल्या एका खासगी कंपनीच्या साइटवर रात्री पावणेबाराला अर्ज भरला, तर सहा मिनिटांत नकाराचा मेल! हे मशीनने वय बघून केलं, बाई बघून केलं की कॉलेज बघून? कंपनीला जाब विचारता येईल का?

उत्तर: ताई, वयाबद्दलचं उत्तर निराश करणारं आहे. खासगी नोकरीत वयावरून डावललं म्हणून दाद मागावी असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. कॉलेजच्या नावावरून डावलण्याबद्दलही नाही. राज्यघटनेचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे. पण बाई म्हणून डावललं असेल, तर वेतन संहिता, २०१९ च्या कलम ३ नुसार भरतीत तसा भेद करायला खासगी मालकालाही मनाई आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तुमचं प्रकरण उभं राहिलं तर याच पायावर.

सहा मिनिटांचा नकार म्हणजे भेदभाव असं लगेच धरू नका. फॉर्ममध्ये नोटीस पीरियड, अपेक्षित पगार, 'नोकरीत दोन वर्षांहून जास्त खंड आहे का' असे प्रश्न असतात आणि ठरलेलं उत्तर नसेल तर अर्ज तिथेच बाद होतो. तुम्ही काय भरलं होतं ते आधी आठवा. खंडाच्या प्रश्नावरच अर्ज पडला असेल, तर तो मुद्दा माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण मुलांसाठी घरी थांबणाऱ्या बहुतेक बायकाच असतात.

दुसरी शक्यता गुण देणाऱ्या सॉफ्टवेअरची. ते आधी निवडलेल्यांच्या अर्जांवरून शिकतं. अ‍ॅमेझॉनने असं एक सॉफ्टवेअर बनवायला घेतलं होतं आणि त्याला दहा वर्षांचे, मुख्यतः पुरुषांचे अर्ज दाखवले होते. ते 'महिला' हा शब्द असलेल्या अर्जांचे गुण कापू लागलं, दोन महिला कॉलेजांच्या पदवीधरांचेही कापले. २०१८ साली ही बातमी बाहेर आली. आता तुमचा बायोडेटा बघा. विद्यापीठाच्या पूर्ण नावात 'महिला' आहे. लिंगाचा रकाना कोरा ठेवला तरी ते एका ओळीत कळतं, आणि '२००३' वरून वयही.

मग पुरावा कसा मिळतो? अमेरिकेत आयट्यूटरग्रुप या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ५५ आणि त्यावरच्या बायका व ६० आणि त्यावरचे पुरुष आपोआप बाद होत. एका अर्जदाराने तोच अर्ज फक्त जन्मतारीख बदलून पुन्हा टाकला आणि तरुण तारखेच्या अर्जाला मुलाखत मिळाली. २०२३ मध्ये कंपनीने ३ लाख ६५ हजार डॉलर देऊन तडजोड केली.

तुम्ही मात्र खोटी तारीख घालू नका. त्याच अर्जावर नोकरी लागली तर पुढे तेच काढून टाकायचं कारण ठरेल. खरं तेच लिहा, फक्त दोन तऱ्हांनी. एका बायोडेटात विद्यापीठाचं पूर्ण नाव, दुसऱ्यात नुसतं 'एसएनडीटी'. बाकी अक्षरही बदलू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते सांगता येणार नाही. एकाच जागेसाठी दोन्ही टाकले तर दुसरा डुप्लिकेट म्हणून अडकेल, म्हणून त्याच कंपनीच्या सारख्या जागा निवडा. एका नकारावर काही सिद्ध होत नाही, आठ-दहा अर्जांचा कल दिसला तर बोलता येतं.

'आम्ही नाही, सॉफ्टवेअरने केलं' हा बचाव मला मान्य नाही. सॉफ्टवेअर निवडलं कंपनीने. लेफ्टनंट कर्नल नितिशा खटल्यात, २०२१ साली, सर्वोच्च न्यायालयाने हेतू नसतानाही परिणामातून भेदभाव होतो हे मान्य केलं. तो निकाल सरकारविरुद्धचा होता, त्यामुळे खासगी कंपनीला तो थेट लागू होत नाही, पण युक्तिवादाला आधार मिळतो.

गुण कसे दिले ते सांगा, असं कंपनीला जरूर लिहा, पण आज तिला उत्तर द्यायला भाग पाडता येणार नाही. माहितीचा अधिकार खासगी कंपनीला थेट लागू नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मात्र त्यातला माहिती मागण्याचा हक्क अठरा महिन्यांनी सुरू होईल. तेव्हाही मिळेल तो तुमच्या माहितीचा आणि तिच्या वापराचा गोषवारा. गुणांचं सूत्र मिळेलच असं नाही.

कल दिसला तर कामगार आयुक्त कार्यालयातल्या निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्या. त्यासाठी आजच त्या जाहिरातीचा आणि तुम्ही भरलेल्या फॉर्मचा स्क्रीनशॉट घ्या, नकाराचा मेल वेळेसकट जपून ठेवा. जागा भरली की जाहिरात साइटवरून काढून टाकतात.