पिन एकदाच, पैसे दर शुक्रवारी

*ताई, आमचं तारकर्लीला छोटं होमस्टे आहे. पाहुण्यांचं बुकिंग, मासळीवालीचे पैसे, सगळं माझ्या एकाच फोनवरून चालतं. मुलगा सातवीत आहे. गडबडीत बाजाराचे पैसे तोच देतो, म्हणून यूपीआय पिन मीच त्याला सांगितलाय. परवा स्टेटमेंट काढलं, तर शिमग्यापासून गेमपायी ३,२४४ रुपये गेलेले! दर शुक्रवारी ९९ तर ठरलेलेच. मी गेम फोनवरून काढून टाकला, तरी पुढच्या शुक्रवारी ९९ गेलेच. पोर रडत सांगतं, "गो आये, पिन मी एकदाच घातलंय!" हे मुंबईला असतात. ते म्हणतात, फोन काढून घे आणि बँकेत फसवणुकीची तक्रार कर. काय करू? स्टेटमेंटचा फोटो सोबत पाठवते आहे.*
*– एक आई, तारकर्ली*

शुक्रवारच्या पैशांपुरतं तुमचं पोर खरं बोलतंय.

त्याने घेतलंय ते सबस्क्रिप्शन आहे. यूपीआयवर असं सबस्क्रिप्शन घेताना पहिल्यांदा पिन टाकला की त्याच वेळी 'ऑटोपे'ची परवानगी, म्हणजे मँडेट, तयार होतं. त्यानंतर ठरलेल्या दिवशी पैसे आपोआप जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा वसुलीला १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा पिन लागत नाही, मग ९९ रुपयांना कोण विचारणार? नियम एवढंच सांगतो की पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवायचं. म्हणजे तुम्हांला दर आठवड्याला, गुरुवारी किंवा त्याआधी, सूचना येत असणार. पण मे महिन्यात होमस्टेवाल्यांचा फोन म्हणजे बुकिंगच्या मेसेजांचा ढीग. त्यात ती कुठे दिसणार?

गेम काढूनही पैसे का गेले, याचं उत्तरही इथेच आहे. परवानगी गेमच्या आत नसते. ती तुमच्या गूगल खात्यात आणि तुमच्या यूपीआय अॅपमध्ये असते. गेम अनइन्स्टॉल केल्याने या दोन्ही ठिकाणी काहीच बदलत नाही.

आता तुमचं स्टेटमेंट. मी त्यातल्या नोंदींचे तीन गट केले, तसे तुम्हीही करून बघा. ९९ रुपये अकरा शुक्रवार, म्हणजे १,०८९. दुसरे ४४९ रुपये, १२ एप्रिलला आणि पुन्हा १२ मेला, म्हणजे ८९८. तारीख तीच, रक्कम तीच, तेव्हा हे दुसरं सबस्क्रिप्शन, महिन्याचं. हे तुमच्या नजरेतून सुटलेलं दिसतं. उरले १,२५७. ते १५९, २९९ आणि ७९९ अशा तीन नोंदींत गेलेत, त्यांना ना वार ना तारीख. ही सुटी खरेदी आहे: गेममधली नाणी, हिरे, बंदुकीचं नवं रंगरूप, जे काय असेल ते. अशा खरेदीला दरवेळी पिन लागतो. म्हणजे दोन सबस्क्रिप्शनना एकेकदा आणि सुट्या खरेदीला तीनदा, मिळून पिन निदान पाचदा घातला गेलाय. ही गोष्ट चिरंजीवांशी शांतपणे बोला. पण 'तू अकरा आठवडे चोरी केलीस' असं म्हणू नका, कारण तसं घडलेलं नाही.

हे वेगळं करायचं कारण असं की सबस्क्रिप्शन बंद केल्याने १,९८७ रुपयांचाच रस्ता बंद होतो. सुट्या खरेदीचा बंदोबस्त निराळा आहे.

आधी सबस्क्रिप्शन बंद करू. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे तुमच्या खात्याचं गोल चित्र दिसेल, त्यावर दाबा. तिथे Payments & subscriptions आणि त्यात Subscriptions. चालू असलेली सबस्क्रिप्शन तिथे पुढच्या वसुलीच्या तारखेसकट दिसतात. एकेक उघडून Cancel subscription करा. भरलेल्या पैशांची मुदत संपेपर्यंत गेममधली सवलत चालू राहते. ती दिसली म्हणून रद्द झालंच नाही असं समजू नका. यादी रिकामी दिसली, तर प्ले स्टोअर दुसऱ्याच खात्यावर उघडलंय का ते बघा. एका फोनवर दोन-तीन जीमेल असणं आपल्याकडे सर्रास आहे, आणि पोरं गेमसाठी वेगळं खातं काढतात.

मग यूपीआय अॅपमध्ये जा. प्रोफाइलमध्ये Autopay नावाची जागा असते. तिथे गूगल प्लेच्या नावाचं मँडेट उरलं असेल, तर पिन टाकून तेही रद्द करा. त्यात 'इतक्या रकमेपर्यंत' असा मोठा आकडा दिसला तर घाबरू नका. ती कमाल मर्यादा असते, तेवढे पैसे गेलेले नसतात. क्रम मात्र हाच ठेवा. नुसतं मँडेट रद्द केलं आणि सबस्क्रिप्शन जिवंत राहिलं, तर गूगलला ते 'पैसे अडकले' असं दिसतं आणि दुसरा मार्ग जोडायची सूचना येते. ती सूचना कोणाच्या हाती पडेल ते तुम्हीच जाणता.

गेलेल्या पैशांचं सांगते. बँकेत फसवणुकीची तक्रार करू नका. पिन तुमचा, फोन तुमचा, तो दिलाही तुम्हीच, तेव्हा ही फसवणूक ठरत नाही आणि खोटी तक्रार अंगाशी येते. सरळ मार्ग गूगलकडे परतावा मागण्याचा. play.google.com वर त्याच खात्याने लॉगिन करा, ऑर्डरच्या यादीत एकेका खरेदीसमोर Report a problem आहे, तिथे घरच्या माणसाने न विचारता खरेदी केली हे कारण निवडा आणि खरं तेच लिहा: वय, इयत्ता, पिन त्याला कसा माहीत होता. खरेदीला ४८ तास झाले नसतील तर काम सोपं असतं. त्याहून जुन्यासाठीही अर्ज करा, पण गूगल बहुधा गेम बनवणाऱ्या कंपनीकडे बोट दाखवेल. प्ले स्टोअरवर गेमच्या पानावर कंपनीचा ईमेल असतो. मला विचाराल तर शेवटचे ९९ आणि १२ मेचे ४४९ यांसाठी जोर लावून मागा, मार्चमधल्या पैशांवर फार आशा ठेवू नका. आणि मुलाला आधीच सांगा की पैसे परत आले तर गेममधल्या त्या वस्तू जाऊ शकतात.

आता सुट्या खरेदीचा रस्ता. तुमच्या घरात खरी गोम आहे ती पिनची, म्हणून तो आजच बदला. लगेच मनात येईल, मग धावपळीत पैसे कोण देणार? पाहुण्यांकडून पैसे *घ्यायला* पिन लागतच नाही. क्यूआर दाखवणं, पैसे आले का बघणं, हे तो पूर्वीसारखंच करू दे. *द्यायच्या* वेळी फोन तुमच्या हातात आणा, किंवा मासळीवालीसाठी सकाळी रोख काढून ठेवा. तिला बहुतेक रोखच आवडेल.

दुसरी गोष्ट बोटाची. बरेच आईबाप प्ले स्टोअरला ताळा लावतात आणि त्याच फोनमध्ये मुलाचं बोट नोंदवलेलं असतं! मग ताळा त्याच्या बोटानेही उघडतो. फोनच्या सेटिंगमध्ये नोंदवलेली बोटं बघा, तुमची सोडून बाकी काढा, स्क्रीनचा पिनही बदला आणि गूगलचा पासवर्ड त्याला माहीत असेल तर तोही. मगच प्ले स्टोअरच्या Settings मध्ये Purchase verification उघडून 'दरवेळी' हा पर्याय निवडा. ही सेटिंग त्या एका फोनपुरती आणि त्या एका खात्यापुरतीच असते. घरात यांचा जुना हँडसेट पडलेला असेल आणि त्यावर तुमचंच खातं चालू असेल, तर तिथेही हे सगळं पुन्हा करावं लागेल.

प्ले स्टोअरमध्ये महिन्याचं बजेट ठरवायची सोयही आहे, Budget & history मध्ये. तिचा उपयोग इतकाच की रक्कम जवळ आली की ती कळवते. खरेदी ती अडवत नाही. तिच्या भरवशावर राहू नका.

खेळणं पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही, आणि धंद्याचा फोन काढून घेऊन उपयोगही नाही. जुना हँडसेट असेल तर त्यावर त्याच्यासाठी गूगलच्या फॅमिली लिंक या अॅपमधून वेगळं, तुमच्या देखरेखीखालचं खातं काढा आणि खरेदीच्या मंजुरीत 'सर्व' निवडा. तो काही विकत घ्यायला गेला की विचारणा तुमच्याकडे येईल. त्या खात्याला तुमचं बँक खातं किंवा यूपीआय जोडू नका. महिन्याचे जे काही ठरवाल, समजा १०० रुपये, तेवढ्याचं गूगल प्ले गिफ्ट कोड भरा. संपले की संपले, पुढचे पुढच्या महिन्यात. याला मी खरी मर्यादा म्हणते, कारण इथे खात्यात पैसेच नसतात, मग मन वळवायचं कोणाचं?

एक फट मात्र उरते. काही पोरं गेमच्या बाहेरच्या वेबसाइटवर आपला प्लेअर आयडी देऊन क्यूआरवर पैसे भरतात. प्ले स्टोअरला आणि फॅमिली लिंकला त्याचा पत्ता लागत नाही. स्टेटमेंटमध्ये गूगल प्लेऐवजी भलत्याच नावावर गोल रकमा दिसल्या, तर तो मार्ग समजा. तुमच्या फोटोत तशी नोंद नाही, आणि नवा पिन तुमच्यापाशीच राहिला तर होणारही नाही.

यांनी विचारलं की अशा गेमवर २०२५ साली बंदी आली ना, तर सांगा, तो कायदा पैसे लावून, जिंकायच्या आशेने खेळायच्या गेमसाठी आहे. असल्या सबस्क्रिप्शनला आणि हिऱ्यांना तो लागू नाही. त्याच्या आधाराने पैसे मागता येणार नाहीत.

सगळं करून झालं की येत्या गुरुवारी बुकिंगचे मेसेज बाजूला सारून बँकेचे तेवढे वाचा. ९९ रुपये कापले जाणार असल्याची सूचना आली, तर कुठेतरी सबस्क्रिप्शन अजून जिवंत आहे, बहुधा दुसऱ्या जीमेलवर. एक दिवस हातात असतो, तेवढ्यात ते खातं शोधून रद्द करा. ४४९ साठी हेच १० आणि ११ जूनला.