उरलेलं पाणी टाका, म्हणजे नक्की काय करा?

नाशिक, श्रावण

सप्रेम आशीर्वाद.

जुलाब झाल्यावर साखर-मिठाचं पाणी कसं करून पाजायचं, हे सांगणाऱ्या, अंबड-सातपूरच्या कामगार वस्तीत वाटायच्या पत्रकाचा तुझा मसुदा मिळाला. दोनदा वाचला. पहिल्यांदा मनात, दुसऱ्यांदा मोठ्यानं, कारण अशी पत्रकं घरातलं एक माणूस वाचतं आणि बाकीचे ऐकतात.

अतिसार, निर्जलीकरण आणि द्रावण या तीन शब्दांवर तू स्वतःच पेन्सिलीनं रेघ मारून 'कठीण?' असं लिहिलंयस. ते काढायचेच. पण मला त्यांची फारशी भीती वाटत नाही. शब्द कळला नाही की बाई थांबते आणि शेजारणीला विचारते. घोटाळा करतो तो कळलेला शब्द, ज्याचा अर्थ तुझ्या गावात एक आणि तिच्या गावात दुसरा असतो. तिथे कोणी थांबत नाही, कारण दोघींनाही समजल्यासारखं वाटतं.

आपल्यापासूनच सुरुवात कर. आपण नाशिककर "गंगेवर जाऊन येतो" म्हणतो. इथे गोदावरी म्हणजेच गंगा, त्यात कोणाला काही वेगळं वाटत नाही. सहा महिन्यांपूर्वी बीडहून आलेल्या माणसाला मात्र ते वाक्य काशीला नेऊन सोडतं. तू ज्या चाळीत पत्रक वाटणार आहेस, तिथे एका जिन्यावर जळगावचं, वाशीमचं, बीडचं आणि सिन्नरचं बिऱ्हाड आहे. वाशीमच्या बाईचा गंज म्हणजे पातेलं, सिन्नरच्या बाईचा गंज लोखंडाला चढतो. वऱ्हाडात सांभार म्हणजे कोथिंबीर, इथे सांबार इडलीबरोबर येतं. पातेल्याला कुणी भगुनं म्हणेल, कुणी टोप. हे सगळं मराठीच आहे आणि कुणाचंही चूक नाही.

आता तुझ्या ओळी घेऊ.

"एक भांडं पाणी घ्या." ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळते. मी पुण्याच्या घरात वाढले, तिथे भांडं म्हणजे पाणी प्यायचं भांडं, पेला. तिशीत असताना एका वस्तीत मी हेच वाक्य लिहून दिलं, आणि एका आजीबाईंनी चूल पेटवून भाताच्या भांड्यात पाणी घेतलं. साखर आणि मीठ मात्र माझ्या पेल्याच्या मापाचं. पाणी फिक्कं झालं, नुकसान झालं नाही, पण त्याचा उपयोगही झाला नाही. उलट झालं असतं, म्हणजे मोठ्या मापाचं मीठ लहान पेल्यात पडलं असतं, तर ते पाणी लहान मुलाला घातकच. तेव्हापासून मी तांब्या, गडू, लोटा, पेला यांपैकी काहीच लिहीत नाही. "पाण्याची 1 लिटरची बाटली" असं लिही. ती दुकानात मिळते, प्रत्येक घरात एक तरी रिकामी पडलेली असते आणि तिचं माप वाशीमला बदलत नाही.

"चमचा" तसाच. बऱ्याच घरांत एकच चमचा असतो आणि तो पोहे खायचा असतो. आपल्याला 5 मिलीचा हवा. "साखर ढवळायचा छोटा चमचा" असं लिही आणि पत्रकाच्या कडेला त्याच मापाचं चित्र काढ, खरोखर तेवढंच. घरातला चमचा त्या चित्रावर ठेवून पाहता येतो. "सपाट" हा शब्द ठेव, पण एकटा नको. "वर ढीग नको, बोट फिरवून सपाट करा" असं म्हटलं की हात आपोआप हालतो. आणि मसुद्यात जे "½ चमचा मीठ" आहे ते आजच काढ. ज्याला वाचायची सवय कमी आहे तो त्यात एक आणि दोन वाचतो. "अर्धा" अक्षरात लिही. साखरेचा 6 आणि मिठाचा अर्धा एका ओळीत ठेवू नकोस. आकड्यांची अदलाबदल झाली तर काय होईल ते तुला सांगायला नको. चिमूट आणि मूठ तर नकोच, प्रत्येकाचा हात वेगळा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ती ओळ. तू वर लिहिलंस, "पाण्यात साखर टाका." आणि खाली लिहिलंस, "24 तासांनी उरलेलं पाणी टाका." टाकणं म्हणजे घालणं, आणि टाकणं म्हणजे फेकणं. दोन्ही अर्थ साऱ्या महाराष्ट्रात चालतात, त्यामुळे मसुदा तपासणाऱ्यालाही खटकत नाही. बोलताना हातवारे असतात, सूर असतो. कागदावर ते नसतात. उरलेलं पाणी कशात टाकायचं? नव्या बाटलीत? शिळं पाणी ताज्यात मिसळणारी बाई मूर्ख नाही, तिनं तुझं वाक्य नीट वाचलंय. म्हणून पूर्ण कागदात एका कामाला एकच क्रियापद: मिसळायचं तिथे "घाला" आणि नको असेल तिथे "फेकून द्या". वेळही तासांत नको. "आज सकाळी केलेलं पाणी उद्या सकाळी फेकून द्या."

वेळेचं निघालंच आहे तर "परवा दवाखान्यात दाखवा" ही ओळही बघ. परवा मागचाही असतो आणि पुढचाही. इथे वाक्यावरून कळेल म्हणशील, आणि कळेलही. तरी "दोन दिवसांत बरं वाटलं नाही तर" असं लिहायला काय जातं?

दुखण्याच्या नावाचं काय करायचं, असं तू विचारलंस. हगवण, ढाळ, जुलाब, संडास लागणं. माझ्या अनुभवात जुलाब सगळीकडे कळतो, पण त्यालाही एक काटा आहे. "डोकेदुखीचं औषध" डोकेदुखी थांबवतं. "जुलाबाचं औषध" म्हटलं की जुन्या माणसांना एरंडेल आठवतं, म्हणजे पोट साफ होण्यासाठी मुद्दाम घेतलेलं. तुझ्या पत्रकाचा मथळाच "जुलाबावर घरगुती औषध" आहे! औषध हा शब्दच काढ. एक तर तो हा गोंधळ करतो आणि दुसरं म्हणजे तो खोटं आश्वासन देतो. साखर-मिठाचं पाणी जुलाब थांबवत नाही, अंगातून गेलेलं पाणी भरून काढतं. हे न सांगितल्यामुळे आया दोन वेळा पाजतात, जुलाब चालूच दिसतो, आणि "उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. पहिल्याच ओळीत सांग: दिवसातून तीन किंवा जास्त वेळा पातळ संडास होणं म्हणजे जुलाब. पुढे सबंध कागदात जुलाब हाच शब्द. चार पर्याय तिरप्या रेघा देऊन ओळीनं मांडायचा मोह होईल, पण मोठ्यानं वाचणारा माणूस तिथे अडखळतो आणि ऐकणाऱ्यांना ते चार वेगळे आजार वाटतात.

दर वेळी संस्कृत काढून देशी शब्द घातला की काम झालं, असंही नाही. तू "जस्ताच्या गोळ्या" लिहिल्यास. शुद्ध मराठी आहे, पण वस्तीत जस्त म्हणजे बादली आणि पत्रा. आशाताई गोळी देताना "झिंकची गोळी" म्हणतात, 14 दिवस द्यायची तीच. तोंडात असलेला शब्द लिही, तो कुठून आला याची चौकशी नको. ओआरएसचंही तसंच. "जलसंजीवनी" सुंदर नाव आहे, पण दुकानदाराकडे लोक ओआरएसचं पाकीट मागतात. तिथे एक सावधगिरी: पाकिटं 1 लिटरची असतात तशी 200 मिलीची छोटीही मिळतात. तेव्हा "पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या" ही ओळ हवी.

धोक्याच्या खुणांत तू "मूल सुस्त झाल्यास" लिहिलंस. सुस्त म्हणजे कुणाला आळशी वाटेल, कुणाला जेवून पेंगुळलेलं. नाव देऊ नकोस, जे दिसतं ते लिही. मूल हाक मारली तरी नीट जागं होत नाही, डोळे खोल गेलेत, लघवी फार कमी होते, पाणी पिता येत नाही, संडासात रक्त पडतं. डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टीला सहसा बोली आडवी येत नाही.

बोलीची नक्कल मात्र टाळ. "लेकराले पाणी पाजा" असं लिहून वऱ्हाडी माणूस खूश होईल असं वाटत असेल, तर होणार नाही. कागदावर शाळेच्या पुस्तकातली मराठी वाचायची सवय सगळ्यांनाच असते. आणि सुरगाणा-पेठकडून आलेल्या काही घरांत मराठी ही घरची भाषाच नाही. तिथे कितीही सोपा शब्द शोधलास तरी कागद पुरणार नाही, त्यांच्यातल्या कुणाला तरी बरोबर न्यावं लागेल.

मधला भाग मी असा केलाय, बघ:

"1 लिटरच्या बाटलीत उकळून थंड होऊ दिलेलं पाणी भरा. त्यात छोटा चमचा सपाट भरून 6 वेळा साखर घाला. त्याच चमच्यानं मीठ फक्त अर्धा चमचा घाला. साखर-मीठ विरघळेपर्यंत हलवा. चाखून बघा: डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून द्या आणि पुन्हा करा. प्रत्येक जुलाबानंतर घोट घोट पाजा. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्यानं पुन्हा पाजा. आईचं दूध आणि जेवण चालू ठेवा."

यातही काही चुकलेलं असेल. ते शोधायची एकच रीत मला माहीत आहे, आणि "समजलं का?" असं विचारणं ही ती रीत नव्हे. त्याला सगळे हो म्हणतात, मीही दवाखान्यात म्हणते. कागद वाचून दाखवायचा, समोर बाटली, दोन-तीन आकारांचे चमचे, साखर आणि मीठ ठेवायचं आणि म्हणायचं, "मावशी, करून दाखवा." मग गप्प बसायचं. हात जिथे थांबतो किंवा भलत्या चमच्याकडे जातो, तिथला शब्द बदलायचा. वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या चार-पाच बायका पुरतात. एकाच गावच्या वीस बायकांनी काही कळत नाही.

रविवारी सकाळी दहाला चाळीत जाऊ. चमचे मी आणते, बाटल्या तू आण, लेबल काढलेल्या. आणि छापायला अजून देऊ नकोस.

तुझी,
काकू