तंबाखू, दारू आणि कोळसा नको असेल तर ईएसजी फंड पुरतो का?

प्रश्न: "आम्ही नाशिकरोडला राहतो. दोघांची मिळून महिन्याला १०,००० ची एसआयपी सुरू करायची आहे, १५ वर्षांसाठी. तंबाखू, दारू आणि कोळशाची वीज या तीन धंद्यांत आमचा पैसा जाऊ नये असं वाटतं. ओळखीच्या एजंटने एक ईएसजी फंड सुचवलाय, रेग्युलर प्लॅन. घ्यावा का? परतावा किती कमी होईल?"

---

ताई, तंबाखू आणि दारूचं काम सोपं आहे, कोळशाचं अवघड. आणि तुमचा पैसा फक्त तत्त्वांपायी जाणार नाही, जवळपास तेवढाच रेग्युलर प्लॅनपायी, म्हणजे एजंटचं कमिशन धरून येणाऱ्या प्लॅनपायी जाईल. एक-एक करून सांगतो.

आधी सुचवलेल्या फंडाचं पूर्ण नाव वाचा. सेबीने जुलै २०२३ मध्ये ईएसजी, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार पाहून गुंतवणूक करणाऱ्या फंडांसाठी सहा पद्धती ठरवून दिल्या आणि कोणती पद्धत वापरतो ते फंडाच्या नावातच लिहिणं बंधनकारक केलं. म्हणून आता नावात "एक्स्क्लूजनरी", "इंटिग्रेशन", "बेस्ट इन क्लास" असे शब्द दिसतात. तुमच्यासाठी हा शब्द "ईएसजी"पेक्षा महत्त्वाचा आहे. एक्स्क्लूजनरी म्हणजे ठरावीक धंदे यादी करून बाहेर ठेवणार. इंटिग्रेशन म्हणजे शेअर निवडताना पर्यावरण, कामगार, संचालक मंडळ यांचा विचार नफ्यातोट्याबरोबर करणार, पण कुठलाही धंदा मुळातच वर्ज्य असेल असं नाही. बेस्ट इन क्लास म्हणजे त्या-त्या क्षेत्रातल्या त्यातल्या त्यात चांगल्या कंपन्या. त्यात वीज क्षेत्रातली "चांगली" कंपनी कोळशावर चालणारीही असू शकते. सहातली एक पद्धत ट्रान्झिशनची आहे. तिचा हेतूच मुळी आज धूर सोडणाऱ्या पण बदलू पाहणाऱ्या कंपन्यांत पैसा घालण्याचा. तो हेतू प्रामाणिक आहे, पण तुम्हाला हवं त्याच्या बरोबर उलट.

तेव्हा तुमचं काम एक्स्क्लूजनरी पद्धतीच्या फंडांपाशी सुरू होतं. पण तिथेही यादी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ही यादी फंडाच्या योजना माहिती दस्तऐवजात, म्हणजे एसआयडीमध्ये असते. पीडीएफ उघडून `exclusion` शब्द शोधला की सापडते. यादीत साधारणपणे तंबाखू, दारू, जुगार आणि वादग्रस्त शस्त्रं हे चार धंदे असतात. बरेच फंड ज्याच्याशी स्वतःची तुलना करतात त्या निफ्टी १०० ईएसजी निर्देशांकाची वगळण्याची यादीही हीच आहे. कोळसा त्यात नाही. एखाद्या फंडाने तो स्वतःहून घातला असेल तर उत्तम, पण तसं लिहिलेलं दिसलं पाहिजे. शिवाय उंबरठा बघा: त्या धंद्यातून एकही रुपया आलेला चालत नाही, की उत्पन्नाच्या अमुक टक्क्यांपर्यंत चालतो? टाटा पॉवरसारखी कंपनी सोलरही करते आणि कोळशाची वीजही बनवते. अशी कंपनी आत की बाहेर, हे त्या उंबरठ्यावर ठरतं.

नावात "एथिकल" असलेले फंडही तुमच्या नजरेस पडतील. टाटा एथिकल हा त्यातलाच एक. तिथे एथिकलचा अर्थ शरिया निकष: दारू, तंबाखू नाही आणि व्याजावर चालणाऱ्या बँका, वित्त कंपन्याही नाहीत. कोळशाबद्दल हे निकष काही म्हणत नाहीत. बँका संपूर्ण बाहेर ठेवणं हा मोठा निर्णय आहे, कारण भारतीय बाजाराचा फार मोठा हिस्सा बँका आणि वित्त कंपन्यांचाच आहे.

आता कोळशाकडे येतो. नाशिकरोडला राहून तुम्ही हा मुद्दा काढलात, त्यामागे एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या असणार असं मी धरून चालतो. ते केंद्र महानिर्मितीचं, म्हणजे राज्य सरकारच्या कंपनीचं. तिचे शेअर बाजारात नाहीत, त्यामुळे कुठल्याच इक्विटी फंडातून तुमचा पैसा तिथे भागभांडवल म्हणून जाणार नाही. पण महानिर्मितीला कोळसा देणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोल इंडियाची उपकंपनी, आणि कोल इंडिया बाजारात आहे. राज्यांच्या वीज कंपन्यांना कर्ज देणाऱ्या पीएफसी आणि आरईसी या सरकारी वित्त कंपन्याही बाजारात आहेत. आणि त्यांच्याही पलीकडे मोठ्या बँका आहेत, ज्या सगळ्याच उद्योगांना कर्ज देतात.

इथे ईएसजीच्या गुणांकनाची एक मर्यादा कळते. मोठ्या लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर नावाचा अहवाल द्यावा लागतो. त्यात कंपनीने स्वतः जाळलेलं इंधन आणि विकत घेतलेली वीज यांतून होणारं उत्सर्जन सांगणं सक्तीचं आहे. साखळीत पुढे-मागे होणारं उत्सर्जन सांगणं ऐच्छिक आहे. बँकेच्या बाबतीत म्हणजे शाखांचे दिवे, एसी आणि जनरेटर मोजले जातात, तिच्या कर्जावर उभं राहिलेलं औष्णिक केंद्र मोजलं जाईलच असं नाही. म्हणून बँकांचे पर्यावरणाचे गुण चांगले येतात आणि एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक अशी नावं ईएसजी फंडांच्या यादीत वरच्या ओळींत दिसतात. यात लबाडी नाही, मोजपट्टीच तेवढी आहे. तुम्ही रेघ कुठे ओढायची ते आधी ठरवा. माझं मत विचाराल तर खाण आणि औष्णिक वीज कंपन्या बाहेर, पीएफसी-आरईसी शक्यतो बाहेर, आणि सर्वसाधारण बँका चालवून घ्या. त्याहून कडक रेघ ओढली तर पैसे थोड्याच कंपन्यांत एकवटतात आणि जोखीम वाढते.

रेघ ठरली की तपासणी अर्ध्या तासाची आहे. प्रत्येक फंड घराणं महिना संपल्यावर दहा दिवसांत संपूर्ण पोर्टफोलिओ एक्सेलमध्ये साइटवर टाकतं. फॅक्टशीटमधली पहिली दहा नावं पाहून थांबू नका, पूर्ण फाइल उतरवा. त्यात कंपनीचं नाव, उद्योगाचा रकाना आणि `% to NAV`, म्हणजे फंडातला त्या कंपनीचा वाटा, हा रकाना असतो. ईएसजी योजनांना शिवाय प्रत्येक कंपनीचे ईएसजी गुण आणि ते देणाऱ्या संस्थेचं नावही द्यावं लागतं. उद्योगाच्या रकान्यावर फिल्टर लावा आणि पॉवर, कोळसा व इतर इंधनं, फायनान्स, पेयं या गटांतली नावं एकेक करून बघा. मग सहा महिन्यांपूर्वीची फाइल उघडून तेच करा. आज नसलेली कंपनी तेव्हा होती का, यावरून मॅनेजर नियमाने चालतो की सोयीने, ते कळतं.

दारूबद्दल एक आपल्या गावापुरतं. हा निकष लावला की सुला विनयार्ड्सही बाहेर जाते. दिंडोरी-निफाडकडे वाइनच्या द्राक्षांवर संसार चालणारी घरं आहेत, तेव्हा काहींना ते खटकतं. पण कंपनी लहान आहे, हे फंड बहुतेक मोठ्या कंपन्यांतच असतात, त्यामुळे व्यवहारात फरक पडत नाही.

आता खर्च. उदाहरणासाठी धरा की शेअर्स खर्चाआधी वर्षाला १२ टक्क्यांनी वाढले. हा अंदाज नाही, फक्त तुलनेसाठीचा आकडा. महिन्याला १०,००० प्रमाणे १५ वर्षांत तुम्ही १८ लाख भरता. खर्च २.१ टक्के असेल, जो रेग्युलर प्लॅनमध्ये सहज असतो, तर हातात साधारण ३९.८ लाख येतात. त्याच प्रकारचा फंड डायरेक्टमध्ये, म्हणजे एजंटशिवाय थेट फंड घराण्याकडून, १.२ टक्के खर्चाने घेतला तर ४३ लाख. आणि कुठलाही निकष न लावणारा साधा निफ्टी इंडेक्स फंड ०.२ टक्के खर्चाने घेतला तर ४६.८ लाख. म्हणजे रेग्युलर आणि डायरेक्टमध्येच सव्वातीन लाखांच्या आसपास फरक पडतो, आणि त्या सव्वातीन लाखांनी तंबाखूचा एक रुपयाही कमी होत नाही, कारण दोन्ही प्लॅनमागे शेअर्स तेच. एजंट तुमची कागदपत्रं, नॉमिनी, बाजार पडल्यावर धीर देणं हे सगळं सांभाळत असेल तर त्याचं मोल आहे, पण ते मोल एवढं आहे हे माहीत असू द्या. सुचवलेल्या फंडाचा आजचा खर्च फंड घराण्याच्या साइटवर `TER` या पानावर मिळेल. माझे आकडे काढून तो घाला.

डायरेक्ट ईएसजी आणि साधा इंडेक्स यांतले पावणेचार-चार लाख ही मात्र तुमच्या तत्त्वांची किंमत म्हणता येईल, आणि बदल्यात काय मिळतं तेही बघा. निफ्टी ५० मध्ये सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीचं वजन गेल्या काही वर्षांत साधारण तीन-चार टक्क्यांच्या आसपास राहिलं आहे. म्हणजे १०,००० च्या एसआयपीतले तीन-चारशे रुपये. कोळशाची वीज बनवणारी एनटीपीसी आणि कोल इंडियाही त्यात आहेत. कोळसा धरून येणारा ईएसजी फंड घेतलात तर एवढी किंमत मोजून फक्त तंबाखू-दारू टळते. म्हणून वरची तपासणी खर्च मोजण्याआधी करा.

परतावा "किती कमी होईल" याला एक आकडा नाही, कारण तो दोन्ही बाजूंनी हलतो. जुलै २०१७ मध्ये सिगारेटवरचा उपकर वाढला तेव्हा आयटीसी एका दिवसात दहा टक्क्यांहून जास्त कोसळला आणि पुढची काही वर्षं रखडला. तेव्हा ज्यांच्याकडे तो नव्हता ते फायद्यात राहिले. २०२२ मध्ये निफ्टी वर्षभरात चारेक टक्केच वाढला, पण आयटीसी जवळपास दीडपट झाला. त्या वर्षी तंबाखू वगळणारे फंड मागे पडणं साहजिक होतं. अशी वर्षं पुन्हा येतील. तेव्हा दोन वर्षं मागे पडलो म्हणून बाहेर पडणार असाल तर आत्ताच साधा इंडेक्स घ्या. मधेच बाहेर पडलं तर वर्षाच्या आतल्या नफ्यावर २० टक्के कर, वर्षानंतर १.२५ लाखांवरच्या नफ्यावर १२.५ टक्के, आणि बऱ्याच फंडांत पहिल्या वर्षी एक्झिट लोड नावाचं शुल्क, हे सगळं आणखी लागतं.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं: वगळण्याच्या यादीत कोळसा खरोखर लिहिलेला आणि डायरेक्टचा खर्च एक टक्क्याच्या आसपास असलेला फंड सापडला तर पूर्ण १०,००० त्यात. कोळशाचा उल्लेख नसेल पण सहा-सहा महिन्यांच्या फाइल्समध्ये तो धंदा दिसत नसेल, तर निम्मे त्यात आणि निम्मे साध्या इंडेक्समध्ये. दोन्ही जमत नसेल तर ईएसजी नाव असलेल्या फंडापायी जादा खर्च करू नका. एसआयडीत कोळशाबद्दल संदिग्ध लिहिलं असेल तर फंड घराण्याच्या गुंतवणूकदार सेवेला ईमेल करा: औष्णिक कोळशाची खाण आणि कोळशाची वीज वगळता का, किती टक्के उत्पन्नापासून पुढे, आणि एखादी कंपनी नंतर त्यात शिरली तर किती दिवसांत विकता. उत्तर आलं की फंडाच्या नावासकट इथे टाका, एक्सेल मीही उघडून बघतो.